कापलेली ओळ आणि गढूळ पाणी: एका नीतिशास्त्र प्रकरणाची मांडणी

गोव्यातल्या डिचोलीची एक विद्यार्थिनी संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेची तयारी मराठी माध्यमातून करते. सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर, म्हणजे नीतिशास्त्राचा, 250 गुणांचा आणि तीन तासांचा. त्यात सहा प्रकरणं, म्हणजे एखादा प्रसंग देऊन निर्णय मागणारे प्रश्न येतात, प्रत्येकी 20 गुणांची आणि 250 शब्दांत उत्तर लिहायची. हिशेब केला तर एका प्रकरणाला चौदा-पंधरा मिनिटं मिळतात. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत छापलेली, उत्तर मराठीत. त्यामुळे वाचतानाच मजकुराची मराठीत मांडणी करायची सवय लागावी म्हणून ती रोज एका सराव-प्रकरणाचा सारांश काढते: हितसंबंधी कोण, पेच कोणते, आणि प्रत्येक पर्यायाच्या बाजूने आणि विरुद्ध काय म्हणता येईल.

हे प्रकरण तिच्या मैत्रिणीकडच्या स्पायरल बांधणीच्या सराव-संचातलं. मैत्रिणीने रात्री ट्यूबलाइटखाली पानाचा फोटो काढून पाठवला, हिने त्यावरून सारांश लिहिला आणि फोटोसकट माझ्याकडे तपासायला दिला. सोबत एवढंच लिहिलं होतं: ‘सर, पर्याय तीनच आहेत, पण तिन्ही पटत नाहीत. बघाल का?’

खरी गोष्ट तिला जाणवली होती, फक्त कारण कळलं नव्हतं. पर्याय पटत नव्हते, कारण पान पूर्ण नव्हतं.

फोटो अपुरा आहे हे कसं ओळखावं

फोटोवरून काम करताना पहिली दोन मिनिटं अर्थ लावण्यात घालवायची नाहीत. आधी पान तपासायचं. इथे तीन खुणा स्पष्ट होत्या.

पहिली खूण शेवटाला. असे सराव-संच आयोगाच्या पेपरची नक्कल करतात आणि प्रकरण संपलं की शब्दमर्यादा आणि गुण छापतात. या फोटोच्या तळाशी ‘250 शब्द, 20 गुण’ हे कुठेच नव्हतं. पर्याय (क) नंतर अर्धी कापलेली एक ओळ दिसत होती, अक्षरांची फक्त डोकी. म्हणजे मजकूर पुढे आहे. त्या अर्ध्या ओळीवरून अंदाज बांधण्यापेक्षा मैत्रिणीला पुन्हा फोटो मागणं दोन मिनिटांचं काम.

दुसरी खूण मधल्या परिच्छेदात. तिथे कंपनीच्या सल्लागाराने बांध सुरक्षित ठरवल्याचं वाक्य होतं आणि लगेच ‘तेव्हा तलाव कोरडा असल्यामुळे’ असे शब्द आले होते. तेव्हा म्हणजे केव्हा? ज्या गोष्टीकडे बोट दाखवलं आहे ती आधी कुठेतरी असायला हवी. ती नव्हती, कारण त्या जागी स्पायरलच्या बाजूला पान वाकलं होतं आणि फोन धरणाऱ्या हाताची सावली पडली होती. सावलीत एक अख्खं वाक्य गेलं होतं.

तिसरी खूण आकड्याची. घरांची संख्या 12 आहे की 42, ते फोटोत कळत नव्हतं. तिने 12 धरलं होतं. पुढच्याच ओळीत ‘वाड्यावरची अंगणवाडी आणि भाड्याच्या खोल्यांची रांग’ असा उल्लेख होता, तेव्हा बारा घरं जरा कमी वाटत होती. पण असा तर्क शंका घेण्यापुरता वापरायचा, आकडा ठरवण्यासाठी नाही. दिवसाउजेडी काढलेला दुसरा फोटो आला, त्यात 42 स्वच्छ दिसलं.

परीक्षागृहात फोटो नसतो हे खरं, पण घाईत वाचताना डोळे अशाच जागा गाळतात: ओळीची सुरुवात, परिच्छेदाचा शेवट, आकडा. म्हणून ही तपासणी मी फोटोपुरती मानत नाही.

पूर्ण प्रकरण

दुसऱ्या फोटोवरून मजकूर असा निघाला. किनारपट्टीच्या एका राज्यात तुम्ही उपजिल्हाधिकारी आहात. तुमच्या भागातली एक लोहखनिजाची खाण काही वर्षं बंद आहे. खनिज धुतल्यावर उरणारा गाळ जिथे साठवला जाई, तो तलाव टेकडीच्या उतारावर मातीच्या बांधामागे तसाच आहे. खाली एक वाडा आहे: 42 घरं, एक अंगणवाडी, भाड्याच्या खोल्यांची एक रांग, त्यापुढे व्हाळाच्या काठची भातशेती. 2 जूनला जलसंपदा खात्याच्या कनिष्ठ अभियंत्याने पाहणी करून टिपण दिलं की बांधाच्या पायथ्याशी दोन ठिकाणी गढूळ पाणी झिरपतं आहे, सलग मुसळधार पाऊस झाल्यास बांध फुटण्याची शक्यता आहे, आणि पावसाआधी लोकांना हलवावं. हा अभियंता कंत्राटी आहे, त्याच्या कंत्राटाचं नूतनीकरण महिनाअखेरीस आहे.

खाणीचा नव्याने लिलाव झाला असून तीन आठवड्यांनी करार होणार आहे. गावातले ट्रकमालक आणि कामगार काम सुरू होण्याची वाट पाहत आहेत. कंपनीच्या सल्लागाराने पाहणी करून बांध सुरक्षित असल्याचं म्हटलं आहे. ही पाहणी मार्चमध्ये झाली होती. तेव्हा तलाव कोरडा असल्यामुळे पाझराची चाचणी झाली नव्हती. सचिवालयातल्या एका वरिष्ठांनी फोनवर सांगितलं की करार झाल्यावर दुसरी पाहणी करू, तोवर हे टिपण फाइलवर घेऊ नका. गेल्या वर्षीही अशाच इशाऱ्यावरून वाड्यावरच्या लोकांना आठ दिवस शाळेत ठेवलं होतं आणि काही झालं नव्हतं.

पर्याय चार: (अ) टिपणाच्या आधारे सगळा वाडा ताबडतोब रिकामा करणं, (ब) वरिष्ठांच्या सांगण्याप्रमाणे थांबणं, (क) टिपण वृत्तपत्रांकडे देणं, (ड) टिपण फाइलवर घेऊन वरिष्ठांकडे लेखी सूचना मागणं आणि चार दिवसांत संयुक्त पाहणी घडवणं. शेवटची ओळ: ‘वरिष्ठांनी ही सूचना लेखी दिलेली नाही.’

पर्याय (ड) आणि ही शेवटची ओळ, दोन्ही कापल्या गेल्या होत्या. मार्चचं वाक्य सावलीत होतं. या तीन गोष्टी नसताना तिला प्रकरण ‘एक अहवाल विरुद्ध दुसरा अहवाल’ असं दिसलं, आणि त्यात थांबणं बरंच समंजस वाटत होतं. त्या आल्यावर दोन अहवाल समान राहत नाहीत. एक कोरड्या तलावाचा आहे, दुसरा पाणी झिरपत असताना केलेला आहे.

आणखी एक शब्द फोटोत स्वच्छ दिसत असूनही तिच्या सारांशातून गेला होता: गढूळ. तिने ‘बांधातून पाणी झिरपत आहे’ एवढंच लिहिलं होतं. मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपतंच, आणि ते नितळ असेल तर त्यावर लक्ष ठेवून बऱ्याचदा भागतं. पाणी गढूळ येऊ लागलं की त्याचा अर्थ आतली माती पाण्याबरोबर वाहते आहे. बांधाच्या पोटात वाट तयार होते आणि ती वाट रुंदावत जाते. अभियंत्याच्या टिपणातलं सगळं वजन त्या एका विशेषणात आहे. प्रकरण लिहिणारा विशेषण उगाच घालत नाही. सारांश करताना शब्द कमी करायचे असतात, पण पुराव्याची ताकद सांगणारे शब्द कमी करायचे नाहीत. ‘शक्यता आहे’ हेही त्यातलंच. तिने ‘बांध फुटणार आहे’ असं लिहिलं होतं. एका बाजूने पुरावा पातळ झाला, दुसऱ्या बाजूने फुगला, आणि दोन्हींमुळे पुढचा पेच चुकीचा मांडला गेला.

घरची माहिती कुठवर आणावी

ही मुलगी खाणपट्ट्यातली आहे. 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि 16 मार्चपासून खाणी थांबल्या, तेव्हा घरासमोर उभ्या राहिलेल्या ट्रकांचे हप्ते कसे थकले हे तिने पाहिलं आहे. पावसात खाणीचा लाल गाळ शेतात आणि कुळागरात येतो हेही तिला कोणी शिकवायला नको. त्यामुळे सारांशात तिने ट्रकमालकांवरचं कर्ज, रस्त्यावरची धूळ, विहिरी आटणं हे सगळं लिहिलं होतं.

यातलं काहीच प्रकरणात नाही. तपासणाऱ्यासमोर छापील मजकूर असतो आणि त्यात नसलेली घटना उत्तरात आली की तो गोंधळतो. पण ही माहिती फेकूनही द्यायची नाही. ‘वाट पाहत आहेत’ या तीन शब्दांमागे किती ताण आहे हे तिला कळतं, आणि म्हणून ती ट्रकमालकांना लोभी ठरवणार नाही. मी तिला एवढंच सांगितलं की आपल्या भागाचं ज्ञान माणूस समजून घेण्यासाठी वापर, प्रसंगात भर घालण्यासाठी वापरू नकोस. कर्जाचा आकडा लिहू नकोस. ‘काम आणखी लांबलं तर त्यांचं नुकसान खरं आहे’ हे लिही.

हितसंबंधी

तिच्या यादीत होतं: सरकार, समाज, पर्यावरण, कंपनी, मी. अशा यादीला गुण मिळत नाहीत असं नाही, पण ती पुढे कामाला येत नाही. ‘समाज’ काय गमावणार हे सांगता येत नाही, त्यामुळे कुठल्याही पर्यायाविरुद्ध त्याचा युक्तिवादही लिहिता येत नाही. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहून बघायच्या: त्याचं काय पणाला लागलं आहे, त्याला काय माहीत आहे, आणि त्याच्या हातात काय आहे.

वाड्यावरच्या 42 कुटुंबांचा जीव आणि घर पणाला आहे. त्यांना टिपणाची माहिती नाही. त्यांच्या हातात फक्त हलणं किंवा न हलणं आहे, आणि गेल्या वर्षीच्या आठ दिवसांनंतर ते नकार देऊ शकतात. भाड्याच्या खोल्यांतले लोक वेगळे लिहायचे. प्रकरण त्यांच्याबद्दल एवढीच जागा देतं, पण भाडेकरू म्हटल्यावर एक गोष्ट स्वच्छ आहे: स्थलांतरात मालकाचं घर राहतं, भाडेकरूची खोली राहीलच असं नाही. अंगणवाडीतली मुलं स्वतः पळू शकत नाहीत, म्हणून तीही वेगळी.

व्हाळाकाठच्या शेतकऱ्यांना ती पूर्ण विसरली होती. जून म्हणजे सरदाच्या, म्हणजे पावसाळी भाताच्या पेरणीचा काळ. माणसं हलवली तरी शेत हलत नाही. बांध फुटला तर गाळ शेतावरच येणार. नुसतं स्थलांतर करणारा पर्याय यांचं काहीच वाचवत नाही, हे यांचं नाव यादीत आल्याशिवाय दिसत नाही.

कनिष्ठ अभियंत्याला सगळ्यांत जास्त माहीत आहे आणि त्याच्या हातात सगळ्यांत कमी आहे. नोकरी पणाला, तीही याच महिन्यात. ट्रकमालक आणि कामगारांचं उत्पन्न पणाला आहे. वरिष्ठांचा करार वेळेवर होण्यात रस आहे, पण त्यांना वाईट ठरवण्याइतका मजकूर नाही. त्यांना गेल्या वर्षीच्या फुकट गेलेल्या स्थलांतराची आठवण असणार. उपजिल्हाधिकाऱ्याची स्वतःची जबाबदारी आणि कारकीर्दही यादीत येते, कारण ती लपवली तर उत्तर खोटं वाटतं.

कंपनीपाशी थोडं थांबावं लागतं. तिने कंपनीपुढे ‘नफा’ एवढंच लिहिलं होतं. तिसरा रकाना, म्हणजे हातात काय आहे, भरायला सांगितल्यावर ती म्हणाली, ‘सर, पंप तर त्यांच्याकडेच असणार.’ प्रकरणात हे लिहिलेलं नाही, म्हणून उत्तरात ‘कंपनी किंवा खाण खात्याच्या मदतीने’ असं लिहावं. पण विचार अगदी योग्य आहे. तलावातलं पाणी उपसून पातळी खाली आणली की बांधावरचा दाब कमी होतो आणि पाझरही मंदावतो. हे शेतकऱ्यांनाही वाचवतं. यादी नीट केल्याने चार छापील पर्यायांत नसलेली एक कृती हाती लागली.

पेच

‘विकास विरुद्ध पर्यावरण’ हा तिने लिहिलेला पहिला पेच. मी तो खोडायला सांगितला. या प्रकरणात खाण सुरू व्हावी की नाही हा प्रश्नच नाही. बांध दुरुस्त झाला तरी करार होऊ शकतो. भांडण तीन आठवड्यांचं आहे.

पेच खरा आहे का हे बघायची माझी पद्धत साधी आहे. दोन्ही बाजू एकेका वाक्यात लिहायच्या, आणि दोन्ही वाक्यं एखाद्या प्रामाणिक माणसाने मान वर करून म्हणावीत अशी व्हायला हवीत. एक बाजू म्हणताना आवाज खाली येत असेल तर तो पेच नव्हे, तो मोह आहे. मोहाला उत्तर हवं असतं, तोलून बघणं नको असतं.

या कसोटीला उतरणारा पहिला खरा पेच असा. ‘पुरावा अपुरा असला तरी जीव जाण्याची शक्यता असताना थांबू नये’ हे प्रामाणिक माणूस म्हणेल. ‘अपुऱ्या पुराव्यावर हातावर पोट असलेल्यांना पुन्हा घराबाहेर काढू नये, दुसऱ्यांदा इशारा फसला तर तिसऱ्यांदा कोणी ऐकणार नाही’ हेही म्हणेल. दोन्ही खरं आहे.

वरिष्ठांच्या सूचनेत मात्र दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत आणि त्या सोडवाव्या लागतात. ‘दुसरी पाहणी करू’ ही रास्त मागणी आहे. एका माणसाच्या डोळ्यांनी केलेल्या पाहणीवर निर्णय घेऊ नये असं कोणीही म्हणेल. ‘टिपण फाइलवर घेऊ नका’ ही दुसरी गोष्ट. इथे आज्ञापालन विरुद्ध सचोटी असा भारदस्त पेच लिहायचा मोह होतो, तिनेही लिहिला होता. पण लेखी न दिलेल्या सूचनेवरून नोंद दडपणं ही बाजू मान वर करून म्हणता येत नाही. शिवाय नियमही अगदी स्पष्ट आहे. अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, 1968 मधल्या नियम 3 प्रमाणे वरिष्ठांचे आदेश सामान्यतः लेखी असावेत, तोंडी द्यावे लागले तर ते लेखी कायम करावेत, आणि ज्याला तोंडी आदेश मिळाला त्याने लवकरात लवकर लेखी खात्री मागावी. लेखी मागणं हा उद्धटपणा नाही, ते अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. म्हणून कापलेली शेवटची ओळ इतकी महत्त्वाची होती.

दुसरा खरा पेच तिच्या सारांशात नव्हताच. लोकांना धोका कळण्याचा हक्क आहे, आणि अभियंत्याला आपलं काम केल्याबद्दल नोकरी न गमावण्याचा. पाहणी त्याने एकट्याने केली. टिपण जाहीर केलं की नाव झाकलं तरी तो कोण ते गावात सगळ्यांना कळणार. मला हा या प्रकरणातला सगळ्यांत अवघड भाग वाटतो, कारण पहिल्या पेचाला चार दिवसांत नवी माहिती मिळून उत्तर मिळू शकतं. याला मिळत नाही.

पर्याय: बाजूने आणि विरुद्ध

तिच्या मांडणीत प्रत्येक पर्यायाखाली ‘फायदे’ आणि ‘तोटे’ होते, आणि त्यांत ‘लोकांचा विश्वास वाढेल’, ‘कायद्याचं उल्लंघन होईल’ अशी वाक्यं. ती कुठल्याही प्रकरणात चालतील. मी एकच बदल सुचवला: प्रत्येक युक्तिवाद यादीतल्या कुणाच्या तरी तोंडी घाल, आणि त्या माणसाने प्रकरणातल्या एखाद्या ओळीचा आधार घेतला पाहिजे.

(अ) ताबडतोब सगळा वाडा रिकामा करणं. बाजूने अंगणवाडीतल्या मुलाचे आईवडील बोलतील: पाणी गढूळ आहे, जून लागला आहे, चूक झाली तर ती सुधारता येणार नाही. विरुद्ध त्याच वाड्यावरचा दुसरा माणूस बोलेल: गेल्या वर्षी आठ दिवस शाळेत काढले, काही झालं नाही; या वेळी किती दिवस? अभियंत्याचं टिपण पावसाआधी हलवा म्हणतं, परत कधी आणायचं ते सांगत नाही. शेतकरी विचारेल, आमचं काय? अधिकाराचाही प्रश्न आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 प्रमाणे आपत्ती ओढवण्याची भीती असतानाही ये-जा रोखण्यासारखे अधिकार जिल्हा प्राधिकरणाला आहेत, पण त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. उपजिल्हाधिकाऱ्याने त्यांना न विचारता हे करणं कच्चं ठरेल.

(ब) थांबणं. हा पर्याय तिने एका ओळीत झटकला होता. तसं केलं तर तपासणाऱ्याला वाटतं की विद्यार्थ्याने दुसरी बाजू ऐकलीच नाही. वरिष्ठांचा युक्तिवाद त्यांच्या सर्वांत चांगल्या रूपात लिहायचा: एका अभियंत्याची डोळ्यांनी केलेली पाहणी आहे, बांधातल्या पाण्याचा दाब कोणी मोजलेला नाही, मागचा इशारा फसला, आणि घाईने करार लांबला तर वर्षानुवर्षं थांबलेल्या लोकांचं नुकसान होईल. आता विरुद्ध. वरिष्ठांनी दुसरी पाहणी करारानंतर सांगितली आहे. करार तीन आठवड्यांनी, म्हणजे जूनच्या शेवटाकडे, आणि तोवर गोव्यासारख्या किनाऱ्यावर पाऊस चांगलाच बसलेला असतो. ज्या पावसाची भीती आहे त्याच्या मध्यावर पाहणी करायची, तर तिचा उपयोग काय? मार्चच्या अहवालाचा आधारही इथेच गळतो. या पर्यायातली चूक थांबण्यात नाही, ती तारखेत आहे.

(क) वृत्तपत्रांकडे देणं. बाजूने वाड्यावरचे लोक: आम्हाला तासाभरात कळेल, कुणाला दडपता येणार नाही. विरुद्ध सगळ्यांत आधी अभियंता बोलेल, आणि त्याचं कंत्राट महिनाअखेरीस आहे हे वाक्य प्रकरणात त्यासाठीच आहे. त्याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांना अजून कळवलेलंच नाही. आतले मार्ग बंद झालेले नसताना बाहेर जाणं याचं समर्थन अवघड होतं. ते मार्ग बंद झाले तर हा पर्याय पुन्हा विचारात घ्यावा लागेल, एवढं मी तिला लिहायला सांगितलं. त्याला कायमचा वाईट ठरवू नये.

(ड) नोंद, लेखी सूचनेची मागणी, चार दिवसांत संयुक्त पाहणी. चौथा पर्याय मिळाल्यावर ती खूश झाली आणि त्याखाली फक्त बाजूचे युक्तिवाद लिहून आली. आवडत्या पर्यायाविरुद्ध काहीच न लिहिणं हा या पेपरातला सर्वांत जास्त दिसणारा दोष आहे, आणि तो लगेच ओळखू येतो: तीन पर्यायांना तोटे आहेत, चौथ्याला नाहीत.

(ड) च्या बाजूने खूप आहे. वरिष्ठांची रास्त मागणी मान्य होते, फक्त तारीख अलीकडे येते. नोंद राहते. जलसंपदा, खाण खातं आणि कंपनीचा सल्लागार एकाच दिवशी बांधावर उभे राहिले की निष्कर्ष एकट्या अभियंत्याचा राहत नाही, आणि त्याचं संरक्षण करायची उपजिल्हाधिकाऱ्याच्या हातातली सर्वांत खरी वाट हीच आहे. विरुद्ध मात्र तीन गोष्टी प्रामाणिकपणे लिहाव्या लागतात. चार दिवसांत पाऊस आला तर? पर्यायात त्या चार रात्रींसाठी काहीच नाही. टिपण फाइलवर येताच वरिष्ठांना अभियंत्याचं नाव कळणार, किंबहुना आधीच कळलं आहे. पाहणीचा निष्कर्ष काहीही निघो, महिनाअखेर त्याची तीच राहते. आणि संयुक्त पाहणीत मतभेद झाला तर? दोन तज्ज्ञ दोन गोष्टी सांगतील आणि आपण होतो तिथेच असू.

हे विरुद्धचे मुद्दे लिहिल्यावरच (ड) मध्ये काय जोडायचं ते समोर आलं. चार रात्रींसाठी अंगणवाडी तात्पुरती हलवायची, व्हाळालगतच्या घरांतल्या लोकांना आधीच सांगून ठेवायचं, आणि तलावातलं पाणी त्याच दिवसापासून उपसायला लावायचं. व्हाळालगत किती घरं आहेत ते प्रकरण सांगत नाही, म्हणून ‘सर्वांत खालची घरं’ एवढंच लिहायचं. मतभेद झाला तर कुणाचं ऐकायचं हे पाहणीआधी ठरवायचं: बांध सुरक्षित आहे असं म्हणणाऱ्याने पाझर गढूळ का आहे याचं लेखी स्पष्टीकरण द्यावं, ते मिळेपर्यंत धोका आहे असं धरायचं. अभियंत्यासाठी उपजिल्हाधिकाऱ्याने त्याच्या खात्याला लिहायचं की ही पाहणी आपत्ती व्यवस्थापनाच्या कामाचा भाग होती आणि ती प्रशासनाच्या उपयोगी पडली. यामुळे नूतनीकरणाची हमी मिळत नाही, आणि उत्तरात तसा दावा करू नये. पण त्याला काढायचं झालं तर फाइलवर हे पत्र असताना काढावं लागेल.

दुसरा सारांश

तिने पुन्हा लिहून आणलेल्या मांडणीतला पेचांचा भाग मी इथे जवळजवळ तसाच देतो, कारण तो परीक्षेत शब्दमर्यादेत बसेल असा आहे:

‘पेच एक: धोका निश्चित नाही पण भरून न येणारा आहे, त्रास निश्चित आहे पण भरून येणारा आहे. मागचा फसलेला इशारा त्रासाच्या बाजूला वजन टाकतो, गढूळ पाझर धोक्याच्या बाजूला. पेच दोन: वाड्याला धोका कळला पाहिजे; तो कळवताना अभियंता उघडा पडता कामा नये. पेच नसलेली गोष्ट: टिपण फाइलवर घ्यायचं की नाही.’

शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं. ते मला फार आवडलं, कारण काय तोलायचं नाही हेही तिने सांगितलं आणि तिथे शब्द वाचवले. वाचलेले शब्द तिने (ड) च्या विरुद्धच्या मुद्द्यांना दिले.

निवड म्हणून तिने (ड) घेतला, वरच्या तीन जोडण्यांसह, आणि पुढे एक अट घातली: पाहणीआधी सलग जोराचा पाऊस सुरू झाला, किंवा पाझर वाढल्याचं किंवा जास्त गढूळ झाल्याचं बांधावर ठेवलेल्या माणसाने कळवलं, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या संमतीने त्याच तासाला (अ) अमलात आणायचा, आणि ती संमती आजच मागून ठेवायची. जिल्हाधिकाऱ्यांनी ती दिली नाही तर काय, हे तिने विचारलं. मग लेखी आणि कारणासकट मागणी मुख्य सचिवांकडे, कारण राज्य कार्यकारी समितीचे अध्यक्ष तेच असतात. तेवढी एक ओळ तिने समासात लिहून घेतली.